कव्हरला हात न लावता कव्हर बदलतं, ते कसं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या डिझाइन ऑफिसांत एक वाद हमखास होतो. मशीनशॉपमधून फोन येतो की कव्हरची भोकं बॉडीवर बसत नाहीत. डिझायनर शपथेवर सांगतो, "सर, मी कव्हरची फाईल उघडलीसुद्धा नाही." आणि तो खरंच बोलत असतो. फाईल त्याने उघडलेली नसते, माप बदललेलं नसतं, तरी आज प्रिंट काढली तर महिन्यापूर्वीच्या प्रिंटपेक्षा कव्हर लांब येतं. कधी याच्या उलटही होतं: कव्हर बदलायला हवं होतं, सगळ्यांना वाटलं ते आपोआप बदलेल, आणि ते बदललंच नाही.

हा सॉफ्टवेअरचा बिघाड नसतो. सॉफ्टवेअरने सांगितलेलं कामच केलेलं असतं. ते काम नेमकं काय होतं, हे फाईल बनवणाऱ्यालाही बरेचदा पूर्ण ठाऊक नसतं. ज्यांनी थ्रीडी सॉफ्टवेअर कधी हाताळलेलं नाही, पण ज्यांच्या फौंड्रीत, पॅटर्नशॉपमध्ये किंवा मशीनवर त्या ड्रॉइंगचं काम येतं, त्यांनाही हे कळावं म्हणून इथे सुरुवातीपासून मांडतो.

## सुटे भाग आधी, की जोडणी आधी?

मशीनचं डिझाइन दोन बाजूंनी करता येतं. पहिल्या पद्धतीत प्रत्येक भाग वेगळ्या फाईलमध्ये, स्वतःच्या मापांनी काढायचा आणि शेवटी सगळे भाग एका जोडणीत, म्हणजे असेंब्लीत, आणून बसवायचे. याला बॉटम-अप म्हणतात. कव्हर 300 लांब हवं असेल तर कव्हरच्या फाईलमध्ये 300 लिहायचं. बॉडीही 300 हवी असेल तर तिच्या फाईलमध्ये पुन्हा 300 लिहायचं.

दुसरी पद्धत टॉप-डाउन. इथे आधी जोडणी उघडायची आणि तिच्यात बसूनच नवा भाग काढायचा. बॉडी समोर दिसत असते. तिच्या वरच्या फ्लँजवर स्केच सुरू करायचं, फ्लँजची कड निवडायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की कव्हरचा आकार या कडेवरून घे. सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी `Convert Entities` हे बटण आहे. एक क्लिक केलं की कव्हरची बाह्यरेषा तयार होते. भोकांच्या कडा निवडल्या की भोकांच्या जागाही मिळतात. एकही माप टाइप करावं लागत नाही.

अशा वेळी कव्हरच्या फाईलमध्ये जे बांधलं जातं त्याला इन-कॉन्टेक्स्ट रेफरन्स म्हणतात. म्हणजे एका भागाच्या आकाराने दुसऱ्या भागाच्या आकाराकडे, एका ठरावीक जोडणीच्या आत, बोट दाखवणं. यापुढे मी नुसतं रेफरन्स म्हणेन.

## फाईलमध्ये साठवलं काय जातं?

बहुतेकांचा समज असतो की कड निवडली म्हणजे 300 हा आकडा कव्हरमध्ये उतरला. तसं होत नाही. कव्हरच्या फाईलमध्ये साधारण असं लिहिलं जातं: अमुक नावाची जोडणी, तिच्यातली अमुक बॉडी, त्या बॉडीची अमुक कड, त्या कडेवर ही रेषा ठेव. सोबत शेवटचा आकार म्हणून 300 लांबीची रेषाही असते, पण तो त्या घटकेचा निकाल असतो.

एक्सेल वापरणाऱ्याला हे पटकन कळेल. एका वर्कबुकच्या खान्यात दुसऱ्या वर्कबुकच्या खान्याकडे नेणारं सूत्र लिहिलं, की खान्यात 300 दिसतं, पण आत 300 लिहिलेलं नसतं. मूळ वर्कबुक बदललं की हा आकडा बदलतो. मूळ वर्कबुक बंद असेल तर शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो, आणि तो ताजा आहे की शिळा हे खान्याकडे बघून ओळखता येत नाही. रेफरन्सचं वागणं अगदी असंच आहे. फरक एवढाच की इथे आकड्याच्या जागी आख्खा आकार असतो, आणि त्या आकाराचं पुढे ओतीव लोखंड होतं.

सॉलिडवर्क्स याची खूण मात्र दाखवतं. डाव्या बाजूच्या यादीत भागाच्या आणि फीचरच्या, म्हणजे भागातल्या भोक-उंचवट्यासारख्या घटकाच्या, नावापुढे बारीक चिन्ह येतं:

```
->     रेफरन्स आहे
->?    रेफरन्स आहे, पण मूळ सध्या उघडलेलं नाही
->*    रेफरन्सला कुलूप लावलेलं आहे
->x    रेफरन्स तोडलेला आहे
```

ही चार चिन्हं वाचता आली तरी निम्मे घोटाळे प्रिंट निघण्याआधी पकडता येतात. भागाच्या नावावर उजवं क्लिक करून `External References` ची खिडकी उघडली, तर कोणतं फीचर कोणत्या जोडणीतल्या कोणत्या भागावर टेकलंय, त्याची यादीच मिळते.

## एक गिअरबॉक्स घेऊ

उदाहरण म्हणून बिडाच्या बॉडीचा एक साधा रिडक्शन गिअरबॉक्स घेऊ. बॉडीचा वरचा फ्लँज 300 बाय 200, त्यावर 12 जाडीचं कव्हर, आणि दोन्ही लांब बाजूंना चार-चार मिळून आठ एम10 बोल्ट. (मापं सगळी मिलिमीटरमध्ये.) टोकाचं भोक कडेपासून 15 वर आहे. म्हणजे टोकाच्या दोन भोकांत 270 अंतर, आणि मधे तीन समान भाग, प्रत्येकी 90. बॉडीत एम10 चे आटे आहेत आणि कव्हरमध्ये 11 ची आरपार भोकं. बोल्टला चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर मोकळीक मिळते.

कव्हर टॉप-डाउन पद्धतीने काढलंय. बाह्यरेषा बॉडीच्या फ्लँजवरून आणि भोकांची केंद्रं बॉडीच्या भोकांवरून घेतली आहेत. कव्हरच्या मधोमध तेल ओतण्याच्या प्लगसाठी एक उंचवटा आहे. तो मात्र कव्हरच्या फाईलच्या स्वतःच्या मूळबिंदूपासून, म्हणजे शून्यापासून, मोजून ठेवलाय.

आता गिऱ्हाईक मोठा गिअर मागतं. दोन शाफ्टमधलं अंतर 12 ने वाढवावं लागतं. डिझायनर बॉडीची लांबी 312 करतो. भोकं कडेपासून 15 वरच ठेवायची आहेत, म्हणून टोकाची भोकं 282 अंतरावर जातात आणि मधले भाग 94 चे होतात. मध्यापासून मोजलं तर टोकाचं भोक 135 वरून 141 वर, म्हणजे 6 ने सरकलं. आतलं भोक 45 वरून 47 वर, म्हणजे 2 ने.

जोडणी उघडी ठेवून हा बदल केला तर रिबिल्ड होताच, म्हणजे सॉफ्टवेअरने मॉडेल नव्याने बांधताच, कव्हर स्वतःहून 312 चं होतं आणि आठही भोकं नव्या जागी जातात. डिझायनरचा अर्धा तास वाचतो. चार भागांत चार वेळा माप बदलताना एखादं राहून जाण्याची शक्यताही संपते. टॉप-डाउनचा हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. डिझाइन अजून हलतंय, रोज काहीतरी बदलतंय, अशा दिवसांत याच्यासारखं साधन नाही. पुढे जे सांगतोय ते हा फायदा मान्य करूनच.

## जोडणी बंद असली तर?

रेफरन्स ज्या जोडणीत बांधला ती जोडणी उघडलेली असेल तेव्हाच तो ताजा होतो, हा इथला मूळ नियम.

आता तोच बदल वेगळ्या तऱ्हेने करू. डिझायनर घाईत आहे, तो फक्त बॉडीची फाईल उघडतो, 312 करतो, सेव्ह करून बंद करतो. दुसऱ्या टेबलावरचा मुलगा कव्हरचं ड्रॉइंग उघडतो आणि प्रिंट काढतो. जोडणी कोणीच उघडलेली नाही. कव्हर अजून 300 आहे. त्याच्या नावापुढे `->?` दिसतंय, पण ड्रॉइंगच्या कागदावर ते चिन्ह छापलं जात नाही. कागद मशीनशॉपला जातो.

व्हीएमसीवर कव्हरला भोकं पडतात 270 आणि 90 च्या अंतराने. बॉडीवर आटे आहेत 282 आणि 94 वर. आतली भोकं 2 ने चुकली, टोकाची 6 ने. मोकळीक अर्ध्या मिलिमीटरची. एकही बोल्ट जात नाही. भोकं लांबट करून भागवावं म्हटलं तर टोकाच्या भोकांना ते शक्य नाही, आणि बॉडीचा फ्लँज कव्हरच्या दोन्ही बाजूंना 6 ने उघडा पडलेला असतो. कव्हरचं कास्टिंगच वाया.

एका परीने ही चूक बरी म्हणायची, कारण ती जोडणीच्या टेबलावर लगेच दिसते. पुढची तशी दिसत नाही.

## जुन्या गिऱ्हाईकाचं स्पेअर

समजा 300 वाले गिअरबॉक्स आधीच विकले गेलेत आणि गुऱ्हाळांवर चालू आहेत. बॉडीचा बदल नव्या गिऱ्हाईकासाठी होता, पण तो जुन्याच फाईलमध्ये केला गेला. काही दिवसांनी कोणीतरी कॅटलॉगसाठी चित्र काढायला म्हणून जोडणी उघडतो. उघडताच कव्हर 312 चं होतं. बंद करताना सॉफ्टवेअर विचारतं, बदललेल्या फाईली सेव्ह करायच्या का? तो `Save All` दाबतो. त्याने काहीही डिझाइन केलेलं नाही. पण त्या क्षणी कव्हरची फाईल डिस्कवर बदलली.

आता जुन्या गिऱ्हाईकाचं कव्हर फुटतं आणि तो नंबर सांगून स्पेअर मागतो. ऑफिस त्याच नंबरचं ड्रॉइंग उघडतं. ड्रॉइंगचा नंबर तोच, रिव्हिजनचं अक्षर तेच, तारीख तीच. माप मात्र 312. रेफरन्सवरून आलेल्या रेषांना स्वतःचं माप नसतं. ड्रॉइंगवर जे 300 लिहिलं होतं ते रेषेची लांबी मोजून दाखवलेलं होतं. रेषा लांबली तसा आकडा बदलला. कोणी खोडलं नाही, कोणी लिहिलं नाही, कोणाची सही लागली नाही.

पॅटर्नशॉपमध्ये 300 चा जुना पॅटर्न पडलेला असतो. तिथले अनुभवी मिस्त्री म्हणतात, "ड्रॉइंग नंबर तोच हाय न्हवं? मग पॅटर्न हाय की आपल्याकडं." आणि जुन्या पॅटर्नवर ओतलेलं कास्टिंग नव्या ड्रॉइंगसकट मशीनवर जातं. पॅटर्नवर मशीनिंगसाठी जादा माल ठेवलेला असतो आणि बीड थंड होताना आकसतं म्हणून साधारण एक टक्का वाढीव मापही असतं, पण त्यातून 12 मिलिमीटर कधीच निघत नाहीत. मशीनवाल्याला कडेला माल कमी पडतो आणि तो फौंड्रीवर चिडतो. फौंड्री पॅटर्नवाल्यावर. खरं कारण ऑफिसातल्या एका क्लिकमध्ये असतं आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

वजनावरून ओळखता येईल का, असं कास्टिंगवाले हमखास विचारतात, कारण त्यांचा सगळा हिशोब किलोवर. सपाट पाट धरला तर 300 चं कव्हर अंदाजे 5.2 किलो, 312 चं 5.4 किलो. 200 ग्रॅमचा फरक कच्च्या कास्टिंगमध्ये सहज लपतो. मॉडेलमध्ये मात्र लपत नाही, कारण तिथलं वजन सॉफ्टवेअर ग्रॅमपर्यंत काढतं. ड्रॉइंग पास करताना मॉडेलचं वजन एका वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्या वेळी प्रिंट काढण्याआधी ताडून पाहिलं, तर आकार गुपचूप बदललाय का ते बहुतेक वेळा कळतं. नुसती भोकं सरकली असतील तर वजन तेच राहतं, म्हणून सोबत पास झालेल्या ड्रॉइंगची पीडीएफ वेगळी ठेवून तिच्याशी भोकांची मापंही ताडावीत.

## कव्हर जागेवरून सरकलं तर?

हा धोका कमी लोकांना माहीत आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

जोडणीत बसून नवा भाग काढला की सॉलिडवर्क्स त्याला `InPlace` नावाच्या बंधनाने जागेवर पक्कं करतं. रेफरन्स फक्त आकाराचा नसतो, जागेचाही असतो. बॉडीची कड कव्हरच्या तुलनेत कुठे आहे, यावर कव्हरची रेषा ठरते. काही जणांना हे `InPlace` अडचणीचं वाटतं. ते काढून टाकतात आणि कव्हर नेहमीच्या पद्धतीने बसवायला जातात. मधल्या वेळात कव्हर माउसने ओढलं जातं, समजा 5 मिलिमीटर उजवीकडे.

रिबिल्ड केल्यावर कव्हरची बाह्यरेषा पुन्हा बॉडीच्या कडेवर जाऊन बसते, कारण तिला तेच सांगितलंय. भोकंही बॉडीच्या भोकांवर येतात. पडद्यावर सगळं तंतोतंत जुळलेलं दिसतं. पण तेलाच्या प्लगचा उंचवटा कव्हरच्या फाईलच्या स्वतःच्या मूळबिंदूपासून मोजलेला होता, आणि तो मूळबिंदू कव्हरबरोबर 5 ने उजवीकडे गेलाय. म्हणजे कव्हरची कड जागेवर, भोकं जागेवर, आणि उंचवटा 5 ने बाजूला. बोल्ट छान बसतात, गिअरबॉक्स बंद होतो, आणि आतल्या गिअरच्या बरोबर वर यायला हवी होती ती तेलाची धार भलतीकडे पडते.

कव्हर बसवायला बॉडीची भोकं आणि कव्हरची भोकं एकाच अक्षावर आणली तर गुंता आणखी वाढतो. कव्हरची जागा भोकांवरून ठरते आणि भोकांची जागा कव्हरच्या जागेवरून. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. याचं ठळक लक्षण असं की रिबिल्ड करूनही सॉफ्टवेअर पुन्हा रिबिल्डची खूण दाखवत राहतं, किंवा दर रिबिल्डला एखादा भाग जरासा हलतो. `Ctrl+Q` दाबून सगळं मुळापासून दोनदा बांधावं आणि दोन्ही वेळची मापं ताडावीत. फरक आला तर कुठेतरी असं चक्र तयार झालंय.

त्यामुळे जो भाग मशीनमध्ये हलतो, उदाहरणार्थ स्लाइड, लिव्हर किंवा पिस्टन रॉड, त्याच्यावरून दुसऱ्या भागाचा आकार घ्यायचाच नाही. लिव्हर उघडा असताना एक आकार आणि बंद असताना दुसरा, असं व्हायला लागेल.

## नवी फाईल बनवली की जुनीशी नातं तुटतं ना?

तुटत नाही. नव्या गिऱ्हाईकासाठी वेगळं मॉडेल हवं म्हणून नुसत्या जोडणीची `Save As` करून नवं नाव दिलं, तरी आतले भाग जुनेच राहतात. नुसत्या कव्हरची कॉपी केली, तर त्या कॉपीतला रेफरन्स जुन्या जोडणीतल्या जुन्या बॉडीकडेच बोट दाखवत असतो. एक्सेलचं सूत्र असलेली शीट कॉपी केल्यावर जे होतं तेच. मग नवी बॉडी कितीही बदला, नवं कव्हर जुन्या बॉडीच्या मागे जातं.

पूर्ण संच नव्या नावाने हवा असेल तर `Pack and Go` वापरावं. ते जोडणी, भाग आणि ड्रॉइंग एकदम नव्या नावांनी उतरवतं आणि आपापसातले रेफरन्सही नव्या फाईलींकडे वळवतं. नावं बदलून घेणं इथे महत्त्वाचं आहे. दोन फोल्डरमध्ये एकाच नावाच्या फाईली असतील तर सॉलिडवर्क्स त्या दोन्ही एकाच वेळी उघडू शकत नाही. जुन्या फोल्डरमधली बॉडी आधीच उघडी असेल, तर नवी जोडणी तिलाच आपली समजून बसते.

## मग सगळे रेफरन्स तोडून टाकले की झालं?

हा सल्ला खूप ठिकाणी दिला जातो, आणि मला तो अर्धवट वाटतो. `External References` च्या खिडकीत `Lock All` आणि `Break All` अशी दोन बटणं आहेत. `Lock All` म्हणजे कुलूप: आकार आहे तिथे थांबतो, हवं तेव्हा कुलूप काढता येतं. `Break All` म्हणजे रेफरन्सचा धागाच कापणं. तो नंतर परत जोडायचा तर नव्याने बांधावा लागतो.

तोडल्यावर आकार गोठतो हे खरं, पण त्याला मापं मिळत नाहीत. कव्हरची बाह्यरेषा 300 लांबीची असते, पण 300 हा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. दोन वर्षांनी कोणाला ते 305 करायचं झालं, तर बदलायला तिथे मापच नाही. शिवाय ही लांबी कशावरून आली होती, हेही कळत नाही.

माझ्या मते योग्य क्रम असा आहे. डिझाइन हलतंय तोवर रेफरन्स चालू द्यावेत. ड्रॉइंग पास करायची वेळ आली की जोडणी उघडून पूर्ण रिबिल्ड करावं. मग कव्हरचं स्केच उघडून त्यातले `On Edge` नावाचे संबंध काढावेत आणि त्या रेषांना स्वतःची मापं द्यावीत: 300, 200, कडेपासून 15, आणि मधले 90. सगळ्या रेषा काळ्या झाल्या म्हणजे स्केच मापांनी पूर्ण बांधलं गेलं. निळी रेषा उरली तर तिथे माप राहिलंय. शेवटी भागाच्या नावापुढचं बाणाचं चिन्ह पूर्ण गेलंय का ते बघावं. कव्हरसारख्या भागाला हे काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. एका वाया गेलेल्या कास्टिंगच्या मशीनिंगला त्याहून जास्त वेळ जातो.

## आमच्याकडे पीडीएम आहे, मग काळजी कशाला?

पीडीएम म्हणजे फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणारी यंत्रणा. ती पास झालेली फाईल बदलू देत नाही, त्यामुळे मगाशी सांगितलेला `Save All` चा घोळ तिथे बऱ्यापैकी टळतो. पण वेगळा प्रश्न उभा राहतो. पास झालेलं कव्हर कुलपात 300 चं आहे. जोडणी उघडली की सॉफ्टवेअर पडद्यावर ते 312 चं करून दाखवतं, फक्त सेव्ह करू शकत नाही. डिझायनर पडद्यावर बघतो, सगळं जुळलंय, आणि बॉडी पास करतो. मशीनशॉपला जाणारं कव्हरचं ड्रॉइंग मात्र कुलपातल्या 300 वाल्या फाईलवरून निघतं. म्हणून पीडीएम असलं तरी पास करण्याआधी रेफरन्स काढण्याचं काम टळत नाही.

हे सगळं सॉलिडवर्क्सपुरतं आहे असंही समजू नये. क्रिओ, एनएक्स, इन्व्हेंटर या सगळ्यांत एका भागाने दुसऱ्याचा आकार घेण्याची सोय आहे. नावं आणि बटणं वेगळी आहेत, मूळ तत्त्व तेच.

## सुरक्षित टॉप-डाउन कसं असतं?

जाणते डिझायनर भागावरून भाग काढत नाहीत. ते आधी एक सांगाडा बनवतात. क्रिओमध्ये त्याला स्केलेटन म्हणतात. सॉलिडवर्क्समध्ये तो एक साधा भाग असतो, ज्यात लोखंड काहीच नाही, फक्त स्केच आणि पातळ्या. आपल्या गिअरबॉक्सच्या सांगाड्यात चार गोष्टी पुरे: फ्लँजचा 300 बाय 200 चा चौकोन, आठ भोकांची केंद्रं, दोन शाफ्टच्या रेषा आणि फ्लँजची वरची पातळी. बॉडी सांगाड्यावरून आकार घेते, कव्हरही सांगाड्यावरून. बॉडी आणि कव्हर एकमेकांकडे बघतच नाहीत.

यामुळे रेफरन्स एकाच दिशेने जातात, सांगाड्याकडून भागाकडे. चक्र तयार व्हायला जागा उरत नाही. बॉडीच्या कडेला गोलाई दिली किंवा एखादं फीचर पुसलं, तर कव्हरवर परिणाम होत नाही. थेट कडेवरून घेतलेला आकार अशा वेळी अनाथ होतो: मूळ कडच नाहीशी झाल्यामुळे सॉफ्टवेअर `Dangling` अशी तक्रार करतं. आणि 312 करायचं झालं तर ते एकाच ठिकाणी करावं लागतं, करणाऱ्याला ठाऊक असतं की आपण सगळ्या गिअरबॉक्सला हात घालतोय. बॉडीची फाईल उघडून माप बदलणाऱ्याला हे ठाऊक नसतं. घोटाळ्यांची खरी सुरुवात तिथेच होते.

सांगाड्याचीही मर्यादा आहे. दोन-तीन भागांच्या साध्या जोडणीला तो जड वाटतो, आणि त्यात खूप काही कोंबलं तर एका मापाने चाळीस भाग हलायला लागतात. फ्लँज, भोकं, शाफ्ट यांसारखी भागांना जोडणारी मापंच त्यात ठेवावीत. बरगड्यांची जाडी किंवा उंचवट्याची उंची त्या-त्या भागातच राहू द्यावी.

एका बाबतीत मात्र मला अपवाद मान्य नाही. जो भाग एकापेक्षा जास्त मशीनमध्ये लागतो, म्हणजे स्टँडर्ड कपलिंग, बेअरिंग हाउसिंग, हँडल असा कुठलाही, त्यात एकही रेफरन्स नसावा. एका जोडणीतल्या बॉडीसाठी तो ताणला गेला की बाकी सगळ्या जोडण्यांत त्याचा आकार त्याच मापाने बदलतो. तिथे कोणी बघत नसतं. सॉलिडवर्क्सच्या सेटिंगमध्ये `Do not create references external to the model` हा पर्याय आहे. असे भाग बनवताना तो चालू ठेवला तर `Convert Entities` दाबलं तरी फक्त रेषा उतरते, नातं बांधलं जात नाही.

## 312 च्या कव्हरला नंबर कोणता?

बरेच जण रिव्हिजन वाढवतात: ए चं बी करतात, नंबर तोच ठेवतात. हे स्पेअरच्या दृष्टीने चुकीचं आहे. नवं कव्हर जुन्या बॉडीवर बसत असेल आणि जुनं नव्यावर, तर रिव्हिजन पुरते. इथे तसं नाही, 300 चं कव्हर 312 च्या बॉडीवर कधीच बसणार नाही. म्हणून 312 च्या कव्हरला नवा नंबर, नव्या बॉडीला नवा नंबर, पॅटर्नवरही तो नवा नंबर कोरलेला. जुन्या 300 च्या फाईलमधले रेफरन्स काढून, मापं लिहून ती तशीच ठेवायची. गुऱ्हाळावरून तीन वर्षांनी फोन आला तर तोच जुना नंबर उघडायचा आणि त्यातून 300 च निघालं पाहिजे.